पानं पोपटी, कुंडी तरंगती: नर्सरीच्या फोटोंत नेमकं काय बिघडतं

प्रश्न: आमची छोटी नर्सरी आहे, जोडीला थोडी कट फ्लॉवर्सही विकतो. व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगसाठी मोबाईलवर फोटो काढतो, पण पानं प्लास्टिकची वाटतात आणि कुंडी वर रुंद, खाली निमुळती, हवेत ठेवल्यासारखी दिसते. दोन गिऱ्हाइकांनी "फोटोत झाड मोठं होतं" म्हणून झाडं परत दिली. चांगला कॅमेरा घ्यावा का?

उत्तर:

कॅमेऱ्याला पैसे घालू नका. ते पैसे पांढरी चादर, करडं कापड आणि दोन बऱ्या मातीच्या कुंड्या यांत घाला, तरी बरेच पैसे उरतील. मी बारा-तेरा वर्षं झाडं विकतोय आणि त्यातली निम्मी वर्षं कॅटलॉगचे फोटो स्वतः काढतोय. तुम्ही सांगितलेल्या चुका मीही सगळ्या केल्या आहेत. काही गोष्टी तुमच्या जागेवर आणि फोनवर अवलंबून आहेत, त्या जिथल्या तिथे सांगतो.

आधी मला विचारावंसं वाटतं की फोटो काढता कुठे? बहुतेक जण शेडनेटखाली काढतात, कारण झाडं तिथेच असतात. नेट हिरवी असेल तर अर्धा घोळ तिथेच होतो. तिच्यातून येणारा उजेड हिरवा, आजूबाजूची शेकडो झाडं हिरवी. फोनला वाटतं फोटोत हिरवा रंग जास्त झालाय, म्हणून तो आपणहून त्यात गुलाबी मिसळतो. मातीची कुंडी गुलाबट होते, पांढरी मळकट दिसते आणि पानं मरगळलेली दिसतात. मग आपण फोटो उघडून रंग वाढवतो. रंग वाढवला की पानातला पिवळा अंशही वाढतो आणि गर्द हिरवं पान पोपटी होऊन बसतं. प्लास्टिकच्या पानांचा रंग असाच असतो, सगळीकडे एकसारखा आणि जरा जास्तच ताजा. त्यात काही फोन समोर झाड दिसलं की स्वतःच हिरवा रंग चढवतात. तुमच्या कॅमेऱ्यात अशी सोय असेल तर आधी ती बंद करा.

उपाय साधा आहे. झाड नेटबाहेर आणा. ढगाळ दिवस असेल तर उघड्यावर, ऊन असेल तर पांढऱ्या भिंतीच्या सावलीत किंवा गोडाऊनच्या दारात, म्हणजे छताखाली पण आकाशाकडे तोंड करून. दुपारचं थेट ऊन नको, त्यात पानाचा वरचा भाग पांढरा आणि खालचा काळा होतो. पांढरी किंवा काळी नेट असेल तर तिच्याखालीही चालतं, पण जमिनीवर हिरवं मॅट नको. जागा बदलता येत नसेल तर पहिल्या फोटोत झाडाशेजारी साधा पांढरा कागद धरा. नंतर स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्ये `White Balance` उघडून तिथला ड्रॉपर त्या कागदावर टेका आणि जे आकडे येतील तेच त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंना लावा. त्यातला `Tint` महत्त्वाचा, कारण हिरवा आणि गुलाबी यांचा हिशेब तिथे सुटतो. फोनच्या प्रो मोडमध्ये जो केल्विनचा आकडा असतो तो फक्त निळा आणि पिवळा यांच्यात फिरतो, हिरव्या नेटवर त्याचा इलाज चालत नाही. `Saturation` ला हात लावू नका.

रंग बरोबर आला की नाही हे कसं ओळखायचं? त्याच झाडाचं एक पान तोडा आणि सावलीत फोनच्या पडद्याशेजारी धरा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका. स्नेक प्लांटचा हिरवा राखाडीकडे झुकतो, मनी प्लांटचा पिवळ्याकडे, झामियाचा जवळजवळ काळसर. तुमच्या कॅटलॉगमध्ये हे तिघंही एकाच हिरव्या रंगाचे दिसत असतील तर समजा की फोटो खोटं बोलतोय.

आता पानाची चकाकी. रबर प्लांट, झामिया, पीस लिली यांच्या पानांवर मेणाचा थर असतो आणि तो आरशासारखा आकाश दाखवतो. फोटोत तिथे पांढरा-निळा डाग येतो आणि त्याखालच्या शिरा दिसत नाहीत. शिरा दिसल्या नाहीत की पान खोटं वाटतं. पण चकाकी सगळीच घालवलीत तर पान कागदी दिसतं, तेव्हा थोडी ठेवायची आहे. कुंडी हळूहळू फिरवत पडद्याकडे बघा, पंधरा-वीस अंशांत डाग सरकतो. तरीही राहिला तर डाग ज्या दिशेचं आकाश दाखवतोय तिकडे काळं कापड धरा, आता पान काळं कापड दाखवेल आणि त्याचा खरा रंग वर येईल. पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या भिंगासमोर धरून फिरवली तरी बराच फरक पडतो, फक्त काचेचा स्वतःचा रंग फोटोत उतरतो, म्हणून पांढऱ्या कागदाचा फोटो काचेतूनच घ्या.

पानं पुसणं हे कंटाळवाणं काम आहे पण त्याला पर्याय नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके डोळ्यांना सवयीने दिसत नाहीत, फोटोत ठळक दिसतात. पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबू टाकून ओल्या सुती फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि खालून दुसऱ्या हाताचा आधार द्या म्हणजे देठ मोडत नाही. तेल, दूध, चकाकी आणणारे स्प्रे यांच्या वाटेला जाऊ नका. पान तेवढ्यापुरतं चमकतं, दोन दिवसांत धूळ धरून बसतं आणि फोटोत तर हमखास प्लास्टिकचं दिसतं. बिगोनिया, आफ्रिकन व्हायोलेट यांसारख्या लव असलेल्या पानांना फडकं नको, मऊ कोरडा ब्रश पुरे. आणि एखादं पान टोकाला पिवळं असेल, एक पान किडीने जरा खाल्लेलं असेल, तर ते राहू द्या. मी पूर्वी कात्री घेऊन सगळं साफ करायचो. मग झाड पोचल्यावर गिऱ्हाईक त्याचा फोटो काढून विचारायचं, "हे पान असं का?"

अजून एक गोष्ट, जी नर्सरीवाल्याला माहीत असते पण फोटो काढताना आठवत नाही. झाड उजेडाकडे तोंड करतं. महिनाभर एकाच जागी असलेल्या झाडाला पुढची बाजू आणि पाठ असते. पाठीकडून फोटो काढला तर पानांच्या मागच्या बाजू आणि देठ दिसतात आणि झाड रुसल्यासारखं वाटतं. उचलतानाच बघून ठेवा की उजेड कुठून यायचा, आणि तीच बाजू कॅमेऱ्याकडे करा. आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी फोटो काढा. पानं ताठ असतात, माती गडद दिसते आणि कुंडी बाहेरून कोरडी झालेली असते.

कुंडीचा प्रश्न मात्र भूमितीचा आहे, आणि झाड मोठं दिसल्याची तक्रारही तिथूनच येते. तुम्ही झाडाच्या अगदी जवळ जाऊन, उभ्याने, फोन खाली झुकवून फोटो काढत असणार. फोनचं मुख्य भिंग रुंद असतं, त्यामुळे झाड चौकटीत भरायला जवळ जावं लागतं. समजा तुम्ही कुंडीच्या मध्यापासून दीड फुटावर, म्हणजे अठरा इंचांवर आहात आणि एक पान तुमच्याकडे सहा इंच पुढे आलंय. ते पान तुमच्यापासून बारा इंचांवर झालं. अठरा भागिले बारा म्हणजे ते पान कुंडीच्या मानाने दीडपट मोठं दिसणार. आता सहा फुटांवर जा. कुंडी बहात्तर इंचांवर, पान सहासष्टवर, फरक जेमतेम नऊ टक्के. झाड तेच, पान तेच. पहिल्या फोटोत गिऱ्हाइकाला जंगल दिसलं आणि खोक्यातून रोप निघालं. त्याने परत दिलं तर त्याचं काय चुकलं?

म्हणून पाच-सहा फूट मागे जा आणि फोनवर 2x करा. बऱ्याच फोनमध्ये 2x म्हणजे नुसता मधला भाग कापून मोठा केलेला असतो, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तसाही दाबून लहान होतो, तिथे कुणाला फरक कळत नाही. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड टाळा. पाम आणि फर्न यांच्या बारीक पानांच्या कडा तो हमखास खातो.

दुसरं, फोनची उंची. कुंडी टेबलावर ठेवा किंवा तुम्ही खाली बसा. फोन कुंडीच्या काठापेक्षा वीतभर वर हवा. बरोबर काठाच्या पातळीला धरलात तर काठ सरळ रेघ होतो आणि माती दिसत नाही, फार वर धरलात तर तोंड परातीएवढं होतं आणि बूड बारीक. वीतभर वरून काठाचा अरुंद लंबगोल दिसतो, मातीची पट्टी दिसते आणि कुंडी कुंडीसारखी दिसते. सगळ्यात महत्त्वाचं, फोन भिंतीसारखा सरळ उभा धरा. पुढे झुकवला की उभ्या रेघा खाली एकमेकींकडे यायला लागतात. झाड चौकटीत फार खाली गेलं तर जाऊ द्या, वरची रिकामी जागा नंतर कापून टाका. मातीची कुंडी मुळातच खाली निमुळती असते, तिचा तेवढा उतार राहणारच, आपल्याला त्यात भर घालायची नाही.

हवेत तरंगणाऱ्या कुंडीचं कारण बहुधा सावली नसणं हे असतं. कुंडी जमिनीला टेकते तिथे एक बारीक गडद रेघ असते आणि एका बाजूला मऊ सावली पसरते. पार्श्वभूमी काढून टाकणारी अ‍ॅप्स ती रेघच पुसतात. माझा पहिला कॅटलॉग मी असाच पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर केला होता, मोठ्या कंपन्यांचे बघून. अरेका पामची निम्मी पानं त्या अ‍ॅपने खाल्ली आणि एका बाईंनी सरळ विचारलं, "दादा, हे आर्टिफिशियल आहे का?" त्या दिवसापासून मागे फिकं करडं कापड, ते टेबलावरून पुढे गोल वळवून आणलेलं, आणि कुंडी त्याच कापडावर. सावली आपोआप पडते. पांढरी कुंडीही करड्यावर उठून दिसते, पांढऱ्यावर तिची कड हरवते.

काही वेळा फोटो बरोबर असतो पण कुंडीच खोटी असते. काळ्या पिशवीतलं झाड तसंच उचलून मोठ्या चिनी मातीच्या कुंडीत उभं केलं की ते आत बुडतं, काठाखाली अंधार दिसतो आणि झाड एका बाजूला कलतं. बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं. पिशवीखाली वीट किंवा उलटी कुंडी ठेवा, पिशवीचा काठ आत दुमडा आणि वरून कोकोपीट किंवा माती पसरा, अशी की काठाखाली साधारण इंचभर जागा उरेल. पाणी घालायला जेवढी जागा खऱ्या कुंडीत सोडतो तेवढीच. पण झाड पिशवीत विकत असाल तर पहिला फोटो पिशवीतलाच टाका, कुंडीतला दुसरा, आणि खाली लिहा "कुंडी वेगळी". पिशवीचा आकार आणि मातीपासून शेंड्यापर्यंतची उंची इंचांत लिहा. कुंडीसकट उंची लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि निम्मी भांडणं तिच्यातून होतात. मी सगळ्या लहान झाडांचे फोटो एकाच सहा इंची मातीच्या कुंडीत काढतो. ती ओळखीची झाली की गिऱ्हाईक आपणच अंदाज बांधतं.

गेल्या पावसाळ्यात एका रबर प्लांटचा फोटो काढला तो क्रमाने सांगतो. झाड आठ बाय दहाच्या पिशवीत, मातीपासून बावीस इंच, नऊ पानं. आदल्या संध्याकाळी पाणी दिलं, सकाळी आठला पानं पुसली. खालच्या दोन पानांवर ठिपके होते, ते लिंबाच्या पाण्याने गेले. शेडच्या दारात टेबल, मागे करडं कापड, डावीकडून आकाशाचा उजेड, उजवीकडे दोन फुटांवर पांढरी चादर, म्हणजे सावलीची बाजू काळी पडत नाही. फोन तिपाईवर, सहा फुटांवर, 2x. पहिला फोटो वाईट आला, वरची तीन पानं पांढरी. झाड थोडं उजवीकडे फिरवलं, दोन पानं सुधारली. तिसऱ्यासाठी मुलाला टेबलामागे उभं करून वर काळी छत्री धरायला लावली. मग पडद्यावर पानाला बोट लावून उजेड किंचित खाली ओढला, कोवळ्या शेंड्याचा लाल कोंब दिसू लागला. तो लाल कोंब दिसला की गिऱ्हाइकाला झाड वाढतंय हे न सांगता कळतं. दुसरा फोटो त्याच जागी, शेजारी फूटपट्टी उभी करून. एकूण वीस मिनिटं, त्यातली दहा पुसण्यात. एकदा जागा मांडली की पुढच्या झाडांना पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणून मी एका सकाळी पंधरा-वीस झाडं उरकतो.

कट फ्लॉवर्सचं गणित वेगळं, कारण तिथे वेळ तुमच्या हातात नसते. मार्केटवरून गड्डी आली की लगेच फोटो काढू नका. गुलाबाच्या दांड्याचा खालचा इंचभर भाग पाण्यात बुडवून तिरका कापा, पाण्याखाली येणारी पानं काढा आणि दोन-तीन तास सावलीत, गार जागी खोल बादलीत ठेवा. मान ताठ होते, पानं उघडतात. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या चुरगळलेल्या, हिरवट असतात, त्या हलक्या हाताने काढल्या तर चालतं, फूलवाले पण काढतातच. वरची पानं मात्र ठेवा. लोक पानं ओरबाडून नुसता दांडा ठेवतात आणि मग गुलाब काडीला चिकटवल्यासारखा दिसतो.

लाल गुलाब फोटोत लाल गोळा का होतो? फोनला लाल रंग मोजता मोजता भरून जातो, मग पाकळी आणि पाकळीमधली सावली यांत त्याला फरक करता येत नाही. उजेड खाली ओढत जा, पाकळ्यांच्या कडा वेगळ्या दिसू लागेपर्यंत. फोटो जरा काळोखा वाटेल, वाटू द्या, नंतर सावल्या थोड्या उचलता येतात, पण गेलेली पाकळी परत येत नाही. लाल आणि केशरी जरबेराचं तेच. जांभळी अ‍ॅस्टर मात्र बऱ्याच फोनमध्ये निळी येते. सजावटवाले रंग बघूनच ऑर्डर देतात, तेव्हा तिथे फूल पडद्याशेजारी धरून रंग जुळवा, नाहीतर लग्नाच्या सकाळी फोन येतो.

जरबेराच्या दांड्याला पानं नसतात. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी एका विक्रेत्याच्या जाहिरातीत जरबेराला गुलाबाची पानं खोचलेली पाहिली आहेत. भरायला हिरवं हवंच असेल तर वेगळं फर्न किंवा कामिनीची डहाळी ठेवा, दांड्याला चिकटून नको. जरबेराच्या पाकळ्या लवकर दबतात, म्हणून मार्केटमधून येताना फुलावर जे प्लास्टिकचं टोपण असतं ते फोटोच्या अगदी आधी काढा, तासभर आधी नको. बादलीत पाणी खोल नको, चार बोटं पुरे, तिचा लवदार दांडा पाण्यात जास्त बुडाला की सडतो.

निशिगंधाच्या दांडीवर खालची एक-दोन फुलं उमललेली आणि वर कळ्या, असाच फोटो काढा. सगळी उमललेली दांडी दिसायला सुंदर असते, पण ती विकायची नसते, आणि गिऱ्हाईक तशीच मागतं. ग्लॅडिओलसची गड्डी आणल्यावर आडवी ठेवलीत तर काही तासांत शेंडे वर वळतात आणि तो बाक मग जात नाही. ती आणल्या आणल्या उभी करा, फोटो दुसऱ्या दिवशी काढला तरी चालेल. काचेच्या फुलदाणीत ठेवणार असाल तर पाणी ताजं भरा आणि दांड्यांना चिकटलेले बुडबुडे फुलदाणीला टिचकी मारून उडवा. पाण्याच्या रेषेवर दांडा मोडल्यासारखा दिसतो, तो तसाच दिसायला हवा, अ‍ॅपमध्ये सरळ करत बसू नका.

परत आलेली ती दोन झाडं अजून असतील तर उद्या सकाळी त्यांचाच फोटो काढा, सहा फुटांवरून, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि जुन्या फोटोशेजारी लावून बघा.